मदत हवी आहे: ऑफर स्वीकारण्यापूर्वी प्रोबेशन, नोटिस आणि कन्फर्मेशनबद्दल काय विचारावे?

चाकणकर_क्यूए
मला एका कंपनीकडून ऑफर लेटर आले असून सोमवारपर्यंत होकार कळवायचा आहे. त्यात सहा महिन्यांचे प्रोबेशन लिहिले आहे आणि नोटिसचे कलम मला एकतर्फी वाटते. एचआरला याबद्दल विचारले तर ऑफर मागे घेतील का, आणि विचारायचेच असेल तर नेमके काय विचारावे? कृपया लवकर सांगावे, हातात तीनच दिवस आहेत.

मोगरा_७
कलम एकतर्फी आहे म्हणजे नक्की काय लिहिले आहे? शब्द जसेच्या तसे दिल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही. तसेच सध्याच्या नोकरीचा राजीनामा दिला आहे का, तेही कळवा.

मुळशीचा_वारा
यात घाबरण्यासारखे काही नाही. सहा महिने पूर्ण झाले आणि कंपनीने काढले नाही, की माणूस आपोआप कायम होतो. माझ्या बाबतीत तसेच झाले. मला कोणी पत्र दिले नाही आणि मी कधी मागितलेही नाही. तुम्ही होकार देऊन मोकळे व्हा.

चाकणकर_क्यूए
राजीनामा अजून दिलेला नाही. पद क्वालिटी इंजिनिअरचे आहे, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. मजकूर असा आहे: प्रोबेशन सहा महिन्यांचे असेल आणि व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार ते वाढवता येईल. लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत कर्मचारी प्रोबेशनवरच मानला जाईल. प्रोबेशनमध्ये कंपनी सात दिवसांची नोटिस देईल, कर्मचाऱ्याने तीस दिवसांची द्यायची. कायम झाल्यावर दोन्ही बाजूंनी नव्वद दिवस. बाकी अटी अपॉइंटमेंट लेटरमध्ये असतील.

निवृत्त_कार्मिक_अधिकारी
मी कारखान्यांच्या कार्मिक विभागात सव्वीस वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मुळशीचा_वारा यांचे म्हणणे सरसकट लागू होत नाही. केवळ मुदत उलटून गेली आणि तुम्ही कामावर राहिलात, एवढ्याने कायम झालात असे कायदा सामान्यतः मानत नाही. प्रोबेशन जास्तीत जास्त किती काळ चालेल हे नियमात किंवा पत्रात ठरवलेले असेल आणि त्या कमाल मुदतीनंतरही तुम्हाला कामावर ठेवले असेल, तर चित्र बदलते. सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये पंजाबमधील धरम सिंग यांच्या प्रकरणात हेच तत्त्व लावले. तिथे वाढीव मुदत धरूनही परिवीक्षा तीन वर्षांपेक्षा जास्त असू नये असा नियम होता, म्हणून त्यानंतरची सेवा कायम मानली गेली. तुमच्या पत्रात मात्र कमाल मुदतच नाही आणि वर ‘लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत’ हे शब्द आहेत. त्यामुळे कंपनीने काही न कळवल्यास तुम्ही प्रोबेशनवरच राहता आणि सात दिवसांची टांगती तलवारही कायम राहते.

म्हणून पहिली मागणी ही करा की प्रोबेशन फार तर एकदाच आणि तीन महिन्यांनीच वाढवता येईल, आणि वाढवायचे असल्यास मुदत संपण्यापूर्वी कारणासह लेखी कळवले जाईल. हे मागितल्यावर ऑफर मागे घेतलेली मी माझ्या कारकिर्दीत पाहिली नाही. नाही म्हणतात, पण राग धरत नाहीत.

मोगरा_७
माझा अनुभव कन्फर्मेशनच्या निकषांबद्दल आहे. सहा महिन्यांनंतर मला सांगितले की कामगिरी ‘अपेक्षेप्रमाणे’ नाही, पण अपेक्षा काय होत्या हे कोणी कधी सांगितलेच नव्हते. मधल्या काळात माझे वरिष्ठही बदलले होते, आणि नव्या वरिष्ठांना माझे आधीचे काम ठाऊक नव्हते. त्यामुळे मूल्यांकन कोण करणार, तिसऱ्या महिन्यात एकदा आढावा होणार का, आणि कोणत्या कामावरून ठरवणार, हे विचाराच. क्वालिटीत तर हे मोजता येते: ग्राहकांच्या तक्रारी, अंतर्गत रिजेक्शन, ऑडिटमधील त्रुटी वेळेत बंद होणे.

शाळामास्तर_कोकण
सहा महिन्यांत काय मोठेसे? मी जिल्हा परिषदेत शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर काढली, मग नियमित वेतनश्रेणी मिळाली. धीर धरावा. बाकी तुम्हाला क्वार्टर मिळणार आहे का?

मुळशीचा_वारा
कार्मिक अधिकारी, सरकारच्या नमुना सेवानियमांत, म्हणजे मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, प्रोबेशन तीन महिन्यांचे आहे. मग ही कंपनी सहा महिने कसे लावू शकते? मला वाटते हे कलमच बेकायदा आहे.

निवृत्त_कार्मिक_अधिकारी
तीन महिन्यांचा उल्लेख बरोबर आहे, पण तो कामगारांसाठी आहे. क्वालिटी इंजिनिअर कामगार ठरतो की नाही हे पदनामावरून नव्हे, तर तो प्रत्यक्षात काय काम करतो यावरून ठरते, आणि त्यावर वर्षानुवर्षे खटले चालतात. सोमवारच्या निर्णयासाठी तो मुद्दा उपयोगाचा नाही.

आता नोटिसचा खरा प्रश्न. नव्वद दिवसांऐवजी पैसे भरून लवकर निघता येईल का, आणि ते पैसे बेसिकवर की ग्रॉसवर मोजणार? तुमचा पगार किती आहे?

चाकणकर_क्यूए
ग्रॉस 72,000 आणि बेसिक 36,000. रुजू होण्याची तारीख 1 ऑक्टोबर. एचआरने फोनवर सांगितले की वार्षिक वाढ एप्रिलमध्ये होते आणि 31 मार्चपर्यंत कायम झालेल्यांनाच मिळते.

निवृत्त_कार्मिक_अधिकारी
ही तारीख तुम्ही आधीच सांगायला हवी होती, कारण यातच मोठी मेख आहे. 1 ऑक्टोबरपासून सहा महिने 31 मार्चला पूर्ण होतात आणि कन्फर्मेशन 1 एप्रिलपासून लागू होते. म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी एका दिवसाने तुमची वाढ पुढच्या एप्रिलवर जाते, रुजू झाल्यापासून तब्बल अठरा महिन्यांवर. पहिल्या एप्रिलमध्ये सहा महिन्यांच्या प्रमाणात वाढ मिळेल का, हे लिहून घ्या. नाहीतर दोन दिवस आधी रुजू होता येते का ते पाहा.

नोटिसचे पैसे बेसिकवर धरले तर तीन महिन्यांचे 1,08,000 होतात आणि ग्रॉसवर 2,16,000. एका शब्दाने रक्कम दुप्पट होते. शिवाय कंपनीची संमती असेल तरच पैसे भरून निघता येईल, असे लिहिले असेल तर पैसे हातात असूनही रिलीव्हिंग लेटर अडू शकते.

आणखी एक सावधगिरी. ईमेलवर मिळालेले उत्तर पुरेसे समजू नका. अपॉइंटमेंट लेटरच्या शेवटी बहुधा एक ओळ असते की यापूर्वीचा सर्व पत्रव्यवहार आणि आश्वासने या पत्रामुळे रद्द समजावीत. त्यावर सही केली की ईमेलचा आधार फारसा उरत नाही. म्हणून अपॉइंटमेंट लेटरचा मसुदा आत्ताच मागा आणि मान्य झालेल्या गोष्टी त्याच पत्रात घालून घ्या. तोपर्यंत जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.

मुळशीचा_वारा
एवढे सगळे एकदम विचारले तर माणूस कटकट्या वाटेल, हे माझे मत कायम आहे. फोनवर सहज बोलून घ्यावे.

मोगरा_७
फोनवरचे बोलणे सहा महिन्यांनी कोणाला आठवते? माझ्या वरिष्ठांचे मला दिलेले शब्द त्यांच्यासोबतच निघून गेले.

चाकणकर_क्यूए
सर्वांचे आभार. आज सकाळी ईमेल पाठवला आणि संध्याकाळी उत्तर आले. प्रोबेशन एकदाच, तीन महिन्यांनी वाढवता येईल, हे पत्रात लिहायला ते तयार आहेत. प्रोबेशनमधील नोटिस दोघांनाही पंधरा दिवस करू म्हणाले. पैसे बेसिकवरच धरले जातील, पण लवकर सोडण्यासाठी व्यवस्थापनाची संमती लागेल, ही अट ते काढणार नाहीत. एप्रिलच्या वाढीबद्दल ‘धोरणानुसार’ एवढेच उत्तर आहे आणि निकषांबद्दल काहीच नाही. मसुदा उद्या पाठवतो म्हणाले आहेत.

निवृत्त_कार्मिक_अधिकारी
‘धोरणानुसार’ असे उत्तर आले तर ते धोरणच वाचायला मागा. मसुदा आला की शेवटचे पान आधी वाचा आणि निकषांचा प्रश्न तुमच्या होणाऱ्या वरिष्ठांना थेट विचारा, कारण त्याचे उत्तर एचआरकडे बहुतेक नसतेच.