मदत हवी आहे : हिरव्या पडद्यासमोरील छायाचित्रांची पार्श्वभूमी ओपनसीव्हीने बदलताना केसांभोवती हिरवी कड राहते

सीताबर्डी_स्टुडिओ

नमस्कार. नागपुरातील एका शाळेच्या ओळखपत्रांसाठी आम्ही सुमारे 650 विद्यार्थ्यांची छायाचित्रे शाळेच्याच सभागृहात काढत आहोत. पडदा म्हणून गांधीबागेतून आणलेले हिरवे कापड ताणून लावले आहे. शाळेला मागे एकसारखी फिकट निळी पार्श्वभूमी हवी आहे. प्रत्येक छायाचित्र हाताने कापणे शक्य नसल्यामुळे मी पायथनमध्ये ओपनसीव्ही वापरून संपूर्ण फोल्डरवर एकच स्क्रिप्ट चालवतो. तिचा गाभा असा आहे :

```python
hsv = cv2.cvtColor(img, cv2.COLOR_BGR2HSV)
mask = cv2.inRange(hsv, (40, 80, 80), (80, 255, 255))
img[mask > 0] = bg[mask > 0]
```

कापडाचा मोठा भाग व्यवस्थित बदलतो, परंतु केसांच्या कडेला कुठे हिरवी रेघ राहते, तर कुठे केसच कात्रीने कापल्यासारखे नाहीसे होतात. खालच्या मर्यादा वाढवल्या की हिरवी रेघ जाड होते आणि कमी केल्या की केस आणखी कापले जातात. शिवाय सकाळच्या छायाचित्रांना चालणारे आकडे दुपारच्या छायाचित्रांना चालत नाहीत, कारण सभागृहाच्या खिडक्यांतून ऊन आत येते.

एका विद्यार्थिनीच्या छायाचित्रातील काही पिक्सेल मी मोजून ठेवले आहेत. निळा, हिरवा, लाल या क्रमाने पडदा 70, 170, 60 आहे, केसांचा आतला भाग 30, 32, 38 आहे आणि केसांच्या कडेचा एक पिक्सेल 50, 101, 49 आहे. सर्व छायाचित्रांना चालतील असे आकडे कसे ठरवावेत?

कॅनव्हास_आणि_कोड

आकडे आहेत तसेच ठेवावेत, त्रुटी त्यानंतरच्या प्रक्रियेत आहे. मास्कवर प्रथम `cv2.MORPH_CLOSE` चालवून छिद्रे बुजवावीत, नंतर हिरवा भाग एकदोन पिक्सेल फुगवावा आणि शेवटी `cv2.GaussianBlur` देऊन त्याची कड मऊ करावी. काळ्या-पांढऱ्या मास्कऐवजी 0 ते 1 मधील पारदर्शकता मिळाली की जोड दिसत नाही. माझ्याकडील उत्पादनांच्या छायाचित्रांवर ही पद्धत उत्तम चालते.

वऱ्हाडी_व्हिडिओ

मी अमरावतीला लग्नाचे थेट प्रक्षेपण करतो. ओबीएसमधील क्रोमा की फिल्टरमध्ये साम्याची पट्टी थोडी पुढे सरकवली की हिरवी कड जाते. आपण कोणता कॅमेरा जोडला आहे आणि प्रक्षेपण किती फ्रेमचे आहे, ते सांगावे.

सीताबर्डी_स्टुडिओ

आभारी आहे, परंतु येथे प्रक्षेपण नाही. फोल्डरमध्ये साठवलेली स्थिर छायाचित्रे आहेत आणि प्रत्येकाची स्वतंत्र फाइल छपाईला द्यायची आहे.

रंगारी

सर्व छायाचित्रांना चालणारे आकडे सापडणार नाहीत, आणि त्याचे कारण आपण दिलेल्या तीन पिक्सेलमध्येच आहे. कडेचा पिक्सेल 50, 101, 49 हा जवळजवळ अर्धा केस आणि अर्धा पडदा यांचे मिश्रण आहे. एचएसव्हीमध्ये त्याची छटा साधारण 61, संपृक्तता 131 आणि तेज 101 येते. तिन्ही आकडे आपल्या मर्यादांच्या आत असल्यामुळे `inRange` त्याला पूर्ण हिरवा ठरवते आणि अर्धा केस जातो. आता थोडे आत सरकून तीस टक्के पडदा असलेला पिक्सेल पाहावा. तो साधारण 42, 73, 45 असा येईल. त्याचे तेज 80 च्या खाली असल्याने तो पूर्ण केस ठरतो आणि आपल्यातील सगळा हिरवेपणा घेऊन मागे राहतो. म्हणजे एकाच केसाच्या कडेला एक पिक्सेल कापला जातो आणि शेजारचा हिरवा राहतो. हो किंवा नाही एवढेच सांगणाऱ्या मास्कला यातून सुटका नाही.

कॅनव्हास_आणि_कोड यांचे अर्धे म्हणणे योग्य आहे, कारण पारदर्शकता 0 ते 1 मधलीच हवी. परंतु कापलेल्या मास्कला धूसर करून ती मिळवली तर पिक्सेलमध्ये खरोखर किती पडदा मिसळला आहे याच्याशी तिचा काही संबंध उरत नाही. उत्पादनाची कड सरळ आणि टणक असल्यामुळे तेथे हे खपते. मोकळ्या केसांवर मात्र हिरवे धुके पसरते, आणि ते टाळण्यासाठी हिरवा भाग फुगवला की बारीक केस जातात.

त्याऐवजी छटा बाजूला ठेवून प्रत्येक पिक्सेलचा हिरवा आकडा लाल आणि निळ्यांपैकी मोठ्या आकड्याहून किती वर आहे, ते पाहावे. पडद्यासाठी हा फरक 170 वजा 70, म्हणजे 100 आहे. कडेच्या पिक्सेलसाठी तो 101 वजा 50, म्हणजे 51 आहे. त्यात 51 टक्के पडदा आहे, असा अंदाज सरळ मिळतो. केसांत आणि त्वचेत लाल हिरव्यापेक्षा जास्त असल्यामुळे तेथे फरक शून्याच्या खाली जातो आणि तो भाग सुरक्षित राहतो.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. पडद्याचा तो 51 टक्के वाटा पिक्सेलमधून आधी वजा करावा लागतो. 50, 101, 49 मधून 36, 87, 31 वजा केले की 14, 14, 18 उरते, आणि आपल्या केसांच्या रंगाचे निम्मे जवळजवळ तेवढेच आहे. मग त्यात नव्या पार्श्वभूमीचा 51 टक्के वाटा मिळवावा.

```python
img = cv2.imread(path).astype(np.float32)
h, w = img.shape[:2]
side = np.concatenate([img[:h//4, :w//10].reshape(-1, 3),
                       img[:h//4, -(w//10):].reshape(-1, 3)])
K = np.median(side, axis=0)              # या छायाचित्रातील पडदा
dk = K[1] - max(K[0], K[2])

d = img[..., 1] - np.maximum(img[..., 0], img[..., 2])
a = np.clip((1 - d / dk - 0.08) / 0.84, 0, 1)[..., None]

fg = (img - (1 - a) * K) * (a > 0)
fg[..., 1] = np.minimum(fg[..., 1], np.maximum(fg[..., 0], fg[..., 2]))
out = np.clip(fg + (1 - a) * bg, 0, 255).astype(np.uint8)
```

`bg` त्याच आकाराचे आणि `float32` हवे. पडद्याचा रंग प्रत्येक छायाचित्राच्या वरच्या दोन कोपऱ्यांतून नव्याने घेतला जात असल्यामुळे सकाळ-दुपारचा फरक आपोआप सांभाळला जातो. `astype(np.float32)` मात्र काढू नये. `uint8` मध्ये 60 वजा 70 केले तर उणे दहा येत नाही, 246 येते, आणि चेहऱ्यावर चित्रविचित्र ठिपके उमटतात. 0.08 आणि 0.84 हे आकडे कापडाच्या सुरकुत्या आणि कॅमेऱ्याचे कण दडपण्यासाठी आहेत, त्यांत थोडा बदल करता येईल. `fg` मधील हिरवा कापणारी ओळ कापडावरून उडून मानेवर आणि खांद्यावर पडलेला हिरवा उजेड काढते.

आणखी एक गोष्ट. कॅमेऱ्यातील जेपीईजीमध्ये रंगाची माहिती सहसा तेजाच्या निम्म्या बारकाईने साठवलेली असते, त्यामुळे कड मूळ आकारात थोडी ओबडधोबड दिसेल. 25 बाय 35 मिलिमीटरच्या ओळखपत्राला 300 डीपीआयने सुमारे 295 बाय 413 पिक्सेल पुरतात. पार्श्वभूमी पूर्ण आकारातच बदलावी आणि सर्वांत शेवटी `cv2.INTER_AREA` ने छायाचित्र लहान करावे. आधी लहान केले तर केस आणि पडदा एकमेकांत आणखी मिसळतात.

सीताबर्डी_स्टुडिओ

मनापासून आभार. केसांची कड आता छापण्याजोगी झाली आहे आणि वेण्यांचे सुटलेले केससुद्धा टिकले आहेत. मात्र दोन अडचणी उरल्या आहेत. दुपारच्या काही छायाचित्रांत खालच्या उजव्या बाजूला निळ्या पार्श्वभूमीवर मळकट डाग दिसतो. दुसरी अडचण गंभीर आहे. खेळाच्या दिवशी हिरव्या हाऊसची मुले हिरवे टी-शर्ट घालून आली होती आणि त्यांच्या धडातून पार्श्वभूमी आरपार दिसते. तेथील एक पिक्सेल 55, 120, 48 असा आहे.

रंगारी

डाग पडतो कारण तेथे पडद्यावर उजेड कमी आहे. कोपऱ्यांत फरक 100 आणि त्या बाजूला 60 असेल, तर स्क्रिप्टला तेथे 40 टक्के माणूस उभा असल्याचे वाटते. `a` ला 255 ने गुणून वेगळी प्रतिमा म्हणून साठवावी आणि पाहावी, पडदा सर्वत्र पूर्ण काळा दिसला पाहिजे. उरलेल्या वर्गांचे काम करताना दर अर्ध्या तासाने, कोणी समोर नसताना, रिकाम्या पडद्याचे एक छायाचित्र काढून ठेवावे. एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने कायम करावेत, कॅमेरा तिपाईवर असावा. ते छायाचित्र बरेच धूसर करून `K` म्हणून दिले की प्रत्येक पिक्सेलला त्याच्या जागेचा पडदा मिळतो. `dk` सुद्धा मग त्याच प्रतिमेवरून पिक्सेलनिहाय काढावा लागेल. आधी काढलेल्या छायाचित्रांसाठी डाव्या, उजव्या आणि वरच्या पट्ट्यांतील रंगांवरून `np.linalg.lstsq` ने एक कलता पृष्ठभाग बसवावा. उन्हाची तिरीप धारदार असेल तर तो पुरणार नाही.

टी-शर्टच्या पिक्सेलचा फरक 65 आहे, म्हणजे स्क्रिप्ट त्याला जवळजवळ दोन तृतीयांश पडदा समजते. हा कापडाच्या रंगाचाच प्रश्न आहे. हे सूत्र कितीही फिरवले तरी तो सुटणार नाही.

कॅनव्हास_आणि_कोड

सुटेल. छायाचित्राच्या वरच्या कोपऱ्यांतून `cv2.floodFill` सुरू करावे आणि कडेला जोडलेला हिरवा भागच पडदा मानावा. मध्येच असलेला हिरवा रंग मग आपोआप वाचेल.

रंगारी

हिरव्या फितीला किंवा छातीवरील बिल्ल्याला ही युक्ती योग्य आहे. टी-शर्टची बाही मात्र थेट पडद्याला टेकलेली असते, त्यामुळे भराव खांद्यावरून आत शिरतो. शिवाय कानातल्या डूलमधून किंवा केसांच्या बटांमधून दिसणारा पडदा कडेला जोडलेला नसतो, तो मग हिरवाच राहतो.

आपली सर्व छायाचित्रे एकाच अंतरावरून काढलेली असल्यामुळे एक तडजोड सुचते. `cv2.CascadeClassifier` ने चेहऱ्याची जागा शोधावी आणि त्याच्या रुंदीच्या प्रमाणात खाली धडाचा एक चौकोन आखावा, जो खांद्यांच्या थोडा आत राहील. त्या चौकोनात `a` जबरदस्तीने 1 करावा आणि हिरवा कापणारी ओळ तेथे लागू करू नये, नाहीतर टी-शर्ट राखाडी होईल. खांद्याची कड तरीही शंकास्पद राहील. ही छायाचित्रे वेगळी काढण्यासाठी प्रत्येकात `a` 0.2 ते 0.8 च्या दरम्यान असलेल्या पिक्सेलचे प्रमाण मोजावे. केसांमुळे ते थोडेच असते, हिरव्या टी-शर्टमुळे एकदम वाढते. त्या प्रमाणानुसार फाइली लावल्या की संशयास्पद मुले यादीच्या वर येतील.

सीताबर्डी_स्टुडिओ

यादी तयार झाली आणि हिरव्या हाऊसची मुले खरोखरच वर आली. मात्र त्यांच्यात पोपटी ओढणी घेतलेल्या एका शिक्षिकाही सापडल्या. चौकोनाने धड वाचते, पण बाहीची कड अजून खाल्लेली दिसते. या मुलांना पुन्हा बोलावण्यास वर्गशिक्षक तयार आहेत. निळे कापड लावून तेच सूत्र चालेल का?

रंगारी

चालेल, हिरव्याच्या जागी निळा आणि निळ्याच्या जागी हिरवा घ्यावा. मात्र बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर निळ्याचे बिंदू हिरव्याच्या निम्मेच असतात, त्यामुळे कण जास्त दिसतात. कापडावर उजेड वाढवावा आणि 0.08 ऐवजी थोडा मोठा आकडा घेऊन पाहावा. नव्या पार्श्वभूमीचा फिकट निळा रंग आड येत नाही, तो शेवटीच मिसळतो. गणवेशाचा टाय गडद निळा असेल तर मात्र हीच अडचण नव्या रंगात उभी राहील.

कॅनव्हास_आणि_कोड

माझे मत वेगळे आहे. एवढ्या मोजक्या मुलांसाठी साधा राखाडी पडदा लावून `cv2.grabCut` चालवणे सोपे पडेल.

रंगारी

राखाडीसमोर मोकळ्या केसांवर `grabCut` पुन्हा हो किंवा नाही असाच मास्क देईल. टी-शर्टची कड मात्र त्याने चांगली निघू शकते, हे मान्य.

सीताबर्डी_स्टुडिओ

टाय गडद निळाच आहे, परंतु खेळाच्या टी-शर्टवर तो नसतो. मुलांना टी-शर्टमध्येच बोलावतो आणि निळे व राखाडी अशी दोन्ही कापडे सोबत नेतो.