मदत हवी आहे: १% पेक्षा ०.०५% जास्त स्ट्राँग कसं?? (गुरुवारी व्हायवा)

खिडकीची_सीट
सेकंड इयर, फार्मॅक. आज ओपीडीत एक पेशंट आला होता, भाजी मार्केटात पाट्या वाहतो, त्याला स्टेरॉइडच्या दोन ट्यूब दिल्या होत्या, एक हायड्रोकॉर्टिसोन १% आणि दुसरी बीटामेथासोन डायप्रोपिओनेट ०.०५% सॅलिसिलिक ३%. तो म्हणतोय ०.०५ वाली हलकी आहे, नुसती आग होते, मला १ वालीच दोन्हीकडे लावू द्या. सर माझ्याकडे वळून म्हणाले, याचं काय चुकतंय सांग. मी गप्प. कारण मलाही तसंच वाटत होतं! आता व्हायवाला हेच विचारणार हे नक्की. कोणीतरी पटकन सांगा, पाठ करायचा तक्ता नको, तो आहे माझ्याकडे, कारण हवंय.

कोपऱ्यातलं_मेडिकल
अरे सोपं आहे. टक्का म्हणजे १०० ग्रॅम मलमात किती ग्रॅम औषध, बस. १% म्हणजे एका ग्रॅममध्ये १० मिलिग्रॅम, ०.०५% म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन वीसपट भरलंय तरी कमजोर, कारण औषधच कमजोर. माझ्या काउंटरला रोज दहा जण "जास्त पॉवरची द्या" म्हणत टक्का बघतात. आणि लक्षात ठेव, ऑइंटमेंट नेहमी क्रीमपेक्षा स्ट्राँग.

टॅझारोटीन_फॅन
मी डर्मॅटला दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट होतो तेव्हा असे पेशंट रोज बघायचो. जाड तळव्याच्या सोरायसिसला रात्री टॅझारोटीन ०.०५, सकाळी स्टेरॉइड, असं करा. टॅझारोटीन हे रेटिनॉइड, ते पेशींची वाढ ताळ्यावर आणतं आणि स्टेरॉइडमुळे त्याची आग कमी होते. सॅलिसिलिक वगैरे जुनी पद्धत झाली.

परळची_त्वचा
थांबा थांबा. सोरायसिस कोणी सांगितला? प्रश्नकर्त्याने निदान लिहिलंच नाहीये. कुठल्या जागी काय लावायचंय तेही नाही. आणि "आग होते" म्हणजे भेगा आहेत का? ट्यूब क्रीम होती का ऑइंटमेंट? हे सगळं सांगा मग बोलू.

खिडकीची_सीट
सॉरी, मला वाटलं कळलंच असेल. दोन्ही तळहात आणि दोन्ही तळपाय, कातडी जाड, पिवळट, टाचांना खोल भेगा. आणि पापण्यांना खाज, लाल झाल्यात. हायड्रोकॉर्टिसोन पापण्यांना, दुसरी ट्यूब हातापायाला रात्री, ऑइंटमेंट आहे. शिवाय एक यूरिया १०% क्रीम. कार्डवर एक्झिमा लिहिलंय, पुढे प्रश्नचिन्ह.

मावशी_दहिसर
बाळांनो मीही वांगासाठी ट्यूब लावते, शेजारणीने दिली, छान उजळलं होतं. आता पाच महिने झाले, उन्हात चेहरा लाल होतो, आग होते, आणि चार दिवस बंद केली की आणखी काळं पडतं. ही हायड्रोकॉर्टिसोन लावू का त्याच्या जागी?

परळची_त्वचा
मावशी, तुमचं शेवटी बोलते, ते महत्त्वाचं आहे, ट्यूब हाताशी ठेवा.

आधी मुलाचं. मेडिकलवाल्या दादांनी हिशोब बरोबर केला. पण "औषधच कमजोर" याच्या पुढे जायला पाहिजे. बीटामेथासोनचा रेणू पेशीतल्या रिसेप्टरला हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा कितीतरी घट्ट धरतो, हे खरं. पण त्याला त्वचेत शिरायला लागतं ना! वरचा मेलेल्या पेशींचा थर तेलकट असतो, त्यातून पाण्यात विरघळणारं औषध जात नाही. साधा बीटामेथासोन वरून लावून फार काही करत नाही. त्याला व्हॅलेरेट किंवा डायप्रोपिओनेटची शेपटी जोडली की तो तेलकट होतो आणि आत उतरतो. म्हणून नावातला दुसरा शब्द टक्क्यापेक्षा जास्त काही सांगतो.

आणि ताकद ठरवतात ती टक्क्यावरून नाहीच. मॅकेन्झी आणि स्टाउटन यांनी १९६२ साली पद्धत काढली: निरोगी माणसाच्या हातावर औषध लावायचं, झाकून ठेवायचं, काही तासांनी कातडी किती पांढरी पडली ते बघायचं. रक्तवाहिन्या आकसल्या की पांढरं पडतं. अमेरिकन सात वर्गांची यादी मुख्यतः अशा तपासण्यांवर उभी आहे.

आता मजा बघ. बीटामेथासोन डायप्रोपिओनेट, टक्का तोच ०.०५. साध्या क्रीममध्ये तो तिसऱ्या वर्गात, साध्या ऑइंटमेंटमध्ये दुसऱ्या, आणि शोषण वाढवणाऱ्या खास बेसच्या ऑइंटमेंटमध्ये पहिल्या, म्हणजे सर्वांत ताकदीच्या वर्गात, क्लोबेटासोलच्या शेजारी. औषध तेच, टक्का तोच, फक्त बेस बदलला. व्हायवाला एवढं बोललास तरी सर थांबवतील तुला.

कोपऱ्यातलं_मेडिकल
मी तेच म्हटलं, ऑइंटमेंट नेहमी स्ट्राँग.

परळची_त्वचा
"नेहमी" काढा दादा. बहुतेक वेळा, मान्य. ऑइंटमेंट कातडीला झाकतो, ओल आत अडकते, थर फुगतो, औषध उतरतं. पण क्लोबेटासोल क्रीममध्येही पहिल्याच वर्गात बसतं. शिवाय तेलकट मलम डोक्याला किंवा काखेत कोणी लावत नाही, आणि न लावलेलं औषध शून्य ताकदीचं.

टॅझारोटीन_फॅन
एक्झिमा असेल तर टॅझारोटीन मागे घेतो. एक्झिमाची कातडी आधीच चिडलेली असते, रेटिनॉइड लावलं तर आणखी भडकेल. पण मॅडम, अशा जाड तळव्यांचा एक्झिमा आणि सोरायसिस नुसत्या डोळ्यांनी वेगळा करणं मला कधी जमलं नाही, प्रश्नचिन्ह उगाच नाही लिहिलेलं.

परळची_त्वचा
ते मला पण नेहमी जमत नाही, बायोप्सीतही कधीकधी नाही. पण त्याआधी एक साधी गोष्ट: खरवड घेऊन बुरशीसाठी केओएच तपासणी केली का? तळपायाची बुरशीही अशीच जाड, पांढुरकी दिसते. तिच्यावर स्टेरॉइड लावलं की खाज थांबते, लाली जाते, सगळ्यांना वाटतं बरं झालं, आणि आत बुरशी पसरत राहते.

खिडकीची_सीट
केओएच केलेलं नाही बहुतेक, बघतो. पण मग पापण्यांना कमजोर आणि पायाला स्ट्राँग का? आजार एकच आहे ना?

परळची_त्वचा
आजार एक, कातडी एक नाही. फेल्डमन आणि मायबाख यांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन अंगावर वेगवेगळ्या जागी लावून किती शोषलं जातं ते मोजलं. कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताला १ धरलं तर कपाळावर सुमारे ६, तळपायावर फक्त ०.१४. म्हणजे कपाळ आणि तळपाय यात चाळीसपटीहून जास्त फरक. पापणी तर कपाळाहून पातळ. जे औषध तळपायावर जेमतेम पोचतं तेच पापणीवर लावलं तर कातडी पातळ होईल, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतील, जास्त दिवस चाललं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. पापणीला हायड्रोकॉर्टिसोनसुद्धा थोडेच दिवस.

म्हणजे तुझ्या पेशंटने १% ची ट्यूब पायाला लावली तर फारसा उपयोग होणार नाही, आणि उलट अदलाबदल केली तर डोळ्याला धोका. सरांना हेच उत्तर हवं होतं.

खिडकीची_सीट
आणि सॅलिसिलिक? ते स्टेरॉइडची ताकद वाढवतं का?

कोपऱ्यातलं_मेडिकल
वाढवतंच, म्हणून तर महाग ट्यूब.

परळची_त्वचा
स्टेरॉइडला काही करत नाही, वाट मोकळी करतं. पेशी एकमेकींना धरून असतात ती पकड सैल करतं, जाड थर सुटतो, मग औषध खाली पोचतं. पण तेच उघड्या भेगेत गेलं की झोंबणारच. यूरियाही झोंबते, कमी. त्याची आग यातून असणार, "हलकी ट्यूब" म्हणून नाही. माझ्या हातात असतं तर आधी चार-पाच दिवस भेगांवर नुसतं व्हॅसलीनसारखं पेट्रोलियम जेली दाबून भरायला सांगितलं असतं, भेगा मिटल्या की मग सॅलिसिलिकवालं. आणि अंगभर मोठ्या भागावर किंवा लहान मुलांना सॅलिसिलिक नको, ते रक्तात जातं.

किती लागेल तेही काढून ठेव, हे कोणी विचारत नाही. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या दोन तळहातांना पुरते. तळपाय मोठे, एकेकाला एक रेघ धर. म्हणजे हातांना एक, पायांना दोन, तीन रेघा, दीड ग्रॅम. रात्री एकदाच, दोन आठवडे, २१ ग्रॅम. तो पुढच्या वेळी आला आणि त्यातलं जेमतेम अर्धंच संपलेलं असेल तर औषध फेल नाही, लावलंच नाही पुरेसं.

टॅझारोटीन_फॅन
आणि मॉइश्चरायझर आधी का स्टेरॉइड आधी? आमच्या युनिटमध्ये आधी मॉइश्चरायझर, मग अर्ध्या तासाने स्टेरॉइड.

कोपऱ्यातलं_मेडिकल
उलटं. आधी औषध. आधी तेल फासलं तर औषध कसं जाणार?

परळची_त्वचा
दोन्ही बाजूंनी ठाम बोलणारे भेटतात, ठाम पुरावा कोणाकडे नाही. मी एवढंच सांगते की एकावर एक लगेच फासू नका, नाहीतर औषध पातळ होऊन नको तिथे पसरतं. वीस-तीस मिनिटं मध्ये ठेवा. हाताला मॉइश्चरायझर कधी लावायचं हे मात्र त्याच्या कामावर ठरेल. दिवसभर ओल्या पाट्या उचलतो ना, आत सुती हातमोजे आणि वर रबरी हातमोजे सांगा, नाहीतर सगळं धुऊन जातं.

खिडकीची_सीट
तो म्हणाला हातमोज्याने पाटी सटकते.

परळची_त्वचा
मग बघावं लागेल. काम थांबवायला सांगणं सोपं आहे, त्याला परवडत नाही. निदान घरी आल्यावर, जेवणाआधी हात धुऊन लगेच लावणं, एवढं तरी पाळायला सांग.

मावशी_दहिसर
चष्मा लावून वाचलं. ट्यूबवर हायड्रोक्विनोन २%, ट्रेटिनॉइन ०.०२५%, मोमेटासोन ०.१% लिहिलंय. ०.१ म्हणजे अगदीच थोडं ना?

खिडकीची_सीट
मावशी, आज हेच शिकलो, त्या ०.१ वर जाऊ नका. मोमेटासोन पापणीला दिलेल्या १% हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा बराच ताकदीचा आहे, आणि चेहऱ्यावर तळपायासारखा जाड थर नसतो. त्यात ट्रेटिनॉइन वरचा थर पातळ करतं, म्हणजे स्टेरॉइड आणखी आत. बरोबर ना मॅडम?

परळची_त्वचा
बरोबर. आणि मावशी, हायड्रोकॉर्टिसोन स्वतःहून नका लावू त्यावर. हे औषध काही आठवड्यांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली असतं, पाच महिने नाही. एकदम बंद केल्यावर जी लाली उसळते ती सांभाळायला योजना लागते, म्हणून याच आठवड्यात ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. ते सांगेपर्यंत शेजारणीकडून दुसरी ट्यूब घेऊ नका. सनस्क्रीन लावलं नाही तर वांग परत येणार, तेही विचारा.

मावशी_दहिसर
बरं. शेजारणीलाही घेऊन जाते, तिचंही तसंच झालंय.

खिडकीची_सीट
सरांना विचारलं, केओएच झालेलं नव्हतं. सोमवारी पेशंटला बोलावलंय, खरवड घेणार. तोपर्यंत पायाला नुसती पेट्रोलियम जेली.