सममूल्य, तुल्य की प्रतिरूप?

सातपूरची मास्तरीण: वर्कशॉपमधल्या मुलांसाठी सेलच्या चाचणीवर मराठी टिपण लिहितेय. सेलच्या जागी रोध आणि कपॅसिटर काढून दाखवतात, त्या इक्विव्हॅलंट सर्किटला ‘सममूल्य परिपथ’ लिहिलं, तर एकाने विचारलं, "मॅडम, सेल फोडला तर हा कपॅसिटर कुठे सापडेल?" शब्दच चुकला का माझा?

गोदाकाठ: शब्द ठीक आहे. विश्वकोशात मात्र सर्किटला ‘मंडल’ आणि कपॅसिटरला ‘धारित्र’ आहे. आणि कपॅसिटर सेलमध्ये असतोच की! इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर भार जमतो, तोच.

दिंडोरीकर: माझ्या फवारणी पंपातला एक सेल गेलाय. त्याला तुल्य सेल नाशकात कुठे मिळेल?

जुना टेस्टर: गोदाकाठ, अर्धं खरं. एक आकडा बघा. अडीच अँपिअर-तासाच्या लिथियम सेलमधून अडीच अँपिअर घेतोय, व्होल्टेज 3.55. लोड काढला की क्षणात 3.65 होतं. ही उडी रोधाची: 0.1 भागिले 2.5, म्हणजे 40 मिलिओहम. पुढे ते दोनेक मिनिटांत हळूहळू 3.70 ला जातं. या 50 मिलिव्होल्टसाठी 20 मिलिओहमचा दुसरा रोध धरायचा आणि त्याला समांतर कपॅसिटर. या चढाचा 63 टक्के भाग 20 सेकंदांत झाला, तर 20 भागिले 0.02, म्हणजे 1000 फॅरड! घरच्या पंख्यातला अडीच मायक्रोफॅरडचा असतो. तुम्ही म्हणता तो पृष्ठभागावरचा भार याच्या कितीतरी आधी स्थिरावतो. इथे मुख्यतः लिथियमचे आयन आत पसरायला वेळ घेतात. कपॅसिटर त्या उशिराचं सोंग घेतो, एवढंच.

सातपूरची मास्तरीण: मग लोड लावतानाच का नाही मोजायचं सर?

जुना टेस्टर: लोड चालू असताना चार्जही कमी होतो, त्यामुळे मूळ व्होल्टेजच घसरतं आणि दोन्ही घसरणी मिसळतात. काढल्यावर निदान ते जागेवर राहतं. लोड काढल्यावरच्या या हळूहळू चढण्याला वर्कशॉपमध्ये आम्ही ‘सावरणं’ म्हणायचो. पण दहा मिनिटांनीही सेल एखाददोन मिलिव्होल्ट सावरत असतो आणि आपलं गणित केव्हाच थांबलेलं असतं. तशी शेपटी दिसली की रोध-कपॅसिटरची दुसरी जोडी लावावी लागते. शिवाय हे आकडे त्याच चार्जचे, त्याच तापमानाचे. निफाडच्या जानेवारीत पहाटे मोजलंत तर रोध वाढलेला दिसेल.

गोदाकाठ: म्हणजे बाहेरच्या दोन टोकांपुरतंच सममूल्य. मग ‘प्रतिरूप’ बरं.

सातपूरची मास्तरीण: प्रतिरूप म्हटलं की मुलं आत तसंच चित्र शोधतील. ‘सावरणं’ मात्र मी घेतेय.

जुना टेस्टर: मला अजूनही ‘तुल्य’च आवडतो, लहान आहे. दिंडोरीकर दादा, दुकान मला माहीत नाही. पण सेल गेला हे कशावरून ठरवलंत? सगळे सेल पूर्ण चार्ज करा, तासभर ठेवा, मग पंप चालू करताना प्रत्येकाची पहिली घसरण बघा.

दिंडोरीकर: मीटर आहे. एकाचा आकडा पंप चालू करताच बदकन पडतो, थांबवला की परत वर.

जुना टेस्टर: बाकीच्यांपेक्षा किती जास्त पडतो ते लिहा.