मदत हवी आहे: व्याख्यानाच्या सोडतीत कुटुंबांचं काय करायचं?

मंडळी, धरमपेठेत आमचं एक व्याख्यान आहे. खुर्च्या 180, नावं आली 640. ‘आधी येईल त्याला’ नको होतं, कारण ड्युटीवर असणारी माणसं त्यात हमखास मागे पडतात. म्हणून सोडत काढतोय. फोन नंबर जुळवून दुबार नावं काढलीत.

अडचण जोडीने येणाऱ्यांची आहे. प्रत्येक नावाची वेगळी चिठ्ठी टाकली तर एकाचा नंबर लागण्याची शक्यता 28 टक्के, पण नवरा-बायको दोघांचाही लागण्याची जेमतेम 8. म्हाताऱ्या आईला एकटीला कोण पाठवणार? एकाची चिठ्ठी निघाली की सगळ्या घराला प्रवेश द्यावा, तर चौघांच्या घराच्या चार चिठ्ठ्या असतात आणि एकट्या विद्यार्थ्यावर उघड अन्याय होतो.

म्हणून एका घराची एकच चिठ्ठी, तिच्यावर माणसांचा आकडा, असं ठरवलंय. सगळ्या चिठ्ठ्या सर्वांसमोर काढून क्रम लिहायचा आणि खुर्च्या संपेपर्यंत त्याच क्रमाने द्यायच्या. उरलेला क्रम हीच प्रतीक्षायादी.

अडतंय शेवटी. समजा 179 भरल्या आणि पुढची चिठ्ठी दोघांची निघाली. त्यांना ओलांडून पुढच्या एकट्याला खुर्ची दिली, तर एकट्यांना थोडा जास्त फायदा होतो. रिकामी ठेवली, तर दारात उभ्या माणसाला काय सांगू? माझा कल ओलांडण्याकडे आहे, पण नियम सोडतीआधीच जाहीर करायचाय. कुणी अशी सोडत काढली असेल तर शेवटच्या खुर्चीचं काय केलंत, ते कृपया सांगा.