'तथ्य' म्हणजे नक्की काय? आणि bias ला मराठीत काय म्हणायचं?

खडूफळा: आठवीला इतिहास शिकवते. सभासद बखरीतला राज्याभिषेकाचा तुकडा मुलांना दिला होता: बत्तीस मण सोन्याचं तख्त, राजे सिंहासनावर बसले, 'मऱ्हाटा पातशहा येवढा छत्रपती जाहला, ही गोष्ट काही सामान्य जाली नाही'. तथ्याखाली निळी रेघ, मताखाली लाल, पूर्वग्रहाखाली हिरवी असं सांगितलं, तर निम्म्या वर्गाने शेवटच्या वाक्यालाच निळी रेघ मारली, कारण काय तर "मॅडम, त्यात तथ्य आहे ना!" शब्दच चुकतोय का माझा?

मोडीवेडा: मुलं मराठी बरोबरच बोलतायत. आपण 'तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे' म्हणतो तेव्हा ते मतच असतं, आपल्याला पटलेलं. म्हणून मी वर्गात 'तथ्य' वापरतच नाही, 'पडताळता येईल असं विधान' म्हणतो, लांब आहे पण गोंधळ होत नाही. बत्तीस मण पडताळायचं विधान आहे, खरं निघेल किंवा खोटं, मत मात्र नाही. आकडा दिसला की मुलं खरंच धरतात, तिथे थांबवून विचारायचं की कुठला मण, कारण मणाचं वजन सगळीकडे सारखं नव्हतं. उलट ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला हे पक्कं धरता येतं, कारण इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन तेव्हा रायगडावर होता आणि त्याने वेगळं लिहून ठेवलंय.

सांगलीकर७७: पण बखर लिहिली १६९७ ला, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, म्हणजे पदरचा माणूस मालकाच्या वडिलांबद्दल लिहिणार, पक्षपात आलाच, मग पुरावा म्हणून बादच करायची ना?

मोडीवेडा: बाद कशाला? वाक्याचा प्रश्न बदला. तख्त किती वजनाचं होतं याला बखर कच्ची, पण महाराजांच्या पदरी असलेल्या माणसाला २३ वर्षांनी तो दिवस केवढा वाटत होता याला हीच सगळ्यात चांगली साक्ष. आणि पक्षपात निवाडा करणाऱ्याचा असतो हो, सभासद निवाडा करत नाहीये.

ओसरी: आमच्या आजोबांच्या डायरीत भाऊबंदांच्या वाटणीचं लिहिलंय, त्यात आमचे सगळे 'आपले' आणि चुलत घरचे 'ते लोक'. आई याला आपपरभाव म्हणते. चालेल का हा शब्द?

खडूफळा: अगदी हाच हवा होता! पूर्वग्रह म्हणजे आधीच धरलेलं वाईट मत असं मुलांना वाटतं आणि मग कौतुकाखाली कोणी हिरवी रेघ मारतच नाही. आपपरभावात दोन्ही येतं. याच तुकड्यात 'म्लेंच्छ बादशाहा' पण आहे, तिथे हिरवी रेघ.

मोडीवेडा: तिथे मी थांबेन. तो तेव्हाच्या लिखाणातला रुळलेला शब्द आहे, तो सभासदाचा स्वतःचा आपपरभाव की काळाची भाषा हे एका तुकड्यावरून नाही ठरवता येणार.

सांगलीकर७७: काळाची भाषा झाली तरी आपपरभाव तो आपपरभावच, फक्त सगळ्यांचा मिळून. हिरवी रेघ राहू द्या.