फरशीवर केळीचे खुंट कसे उभे केलेत?

मागच्या सत्यनारायणाच्या पूजेत कथा चालू असताना चौरंगाचा डावा खुंट कलंडला आणि समईपासून वीतभर अंतरावर अडला. चारही खुंट आम्ही सुतळीने चौरंगाच्या पायांना बांधले होते. जिथे खुंट जमिनीत रोवता येत नाहीत, अशा घरांत आपण मखर कसे उभारता, ते सविस्तर लिहावे.

॰

बरीच वर्षे मी नातलगांकडे हे काम करतो. केळीचा खुंट म्हणजे एकावर एक गुंडाळलेली पाणीदार सोपटे; सुतळी ताणली की ती सोपटांत रुतते आणि तासाभरात तोच बांध सैल पडतो. म्हणून मी जुन्या सुती साडीची चार बोटे रुंद पट्टी वापरतो व ती दोन जागी बांधतो, एक फरशीलगत आणि दुसरी चौरंगाच्या फळीलगत. त्याआधी खुंटाचा बुंधा सपाट कापून तो हात न लावता क्षणभर तरी उभा राहतो का, हे पाहतो. राहिला नाही तर काप तिरका आहे. मुख्य म्हणजे भार उसावर द्यावा. प्रत्येक पायाला आधी ऊस बांधावा, समोरासमोरच्या उसांचे शेंडे वर जुळवावेत आणि मगच त्यांना खुंट टेकवून बांधावेत.

॰

आम्ही खुंट पाण्याच्या बादल्यांत ठेवतो, म्हणजे पाने टवटवीत राहतात. गेल्या वेळी मात्र दुपारपर्यंत ती मिटली, बहुधा पाणी कमी पडले असावे.

॰

पाणी कमी पडले नसावे. डोक्यावर पंखा चालू असेल तर खुंटात पाणी असूनही पाने मिटतात, हे मी दोनदा पाहिले आहे. बादलीत ओली वाळू ठासून भरली तर खुंट ताठ राहतो, एवढा उपयोग नक्कीच आहे.

॰

आमच्याकडे केळी लागतच नाहीत. तुळशीच्या लग्नाला वृंदावनाभोवती चार ऊस उभे करून शेंडे एकत्र बांधले की मांडव झाला.

॰

माझा अनुभव फुलांचा आहे. झेंडूच्या भरगच्च माळा मी केळीच्या पानांवर सोडल्या आणि पाने मधल्या शिरेत मोडून थेट कलशावर आली. तेव्हापासून माळा व आंब्याच्या पानांचे तोरण मी उसालाच बांधते. शिवाय खुंट आदल्या रात्री कापून अंगणात निथळत ठेवते, कारण चिकाचे तपकिरी डाग यजमानांच्या उपरण्यावरून आजवर गेलेले नाहीत.

॰

सर्वांचे आभार. आमची पुढची पूजा श्रावणात आहे आणि तेव्हा इथे चांगला ऊस मिळत नाही. उसाऐवजी बांबूच्या काठ्या लावून त्या केळीच्या सोपटांनी झाकल्या, तर आपल्या गुरुजींना चालते का?

॰

आमच्या गुरुजींना चालते, पण सासरच्या गुरुजींनी निदान एक ऊस हवाच असे सांगितले होते.