मिरजेहून ग्वाल्हेरला आलेला तंबोरा फुटला. कुरिअरला क्लेमचा मेल कसा लिहू?

जनकगंजची_वैदेही
मिरजेच्या दुकानातून ३४,००० चा तंबोरा मागवला. दुकानदारांनी ४ ऑक्टोबरला बुक केला, ११ ला लष्कर भागातल्या घरी आला. खोक्याचा एक कोपरा आत दबला होता. मी सही करताना पावतीवर "खोका दबलेला" असं लिहिलं आणि उघडताना व्हिडिओ काढला. भोपळ्याला वीतभर चीर आहे, तबलीचा सांधाही सुटलाय. कस्टमर केअरला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा फक्त तक्रार क्रमांक मिळाला. रविवारपर्यंत मेल पाठवायचाय. वकिलावर खर्च करायचा नाही. कोणते कागद जोडू आणि किती रक्कम मागू?

बाड्यावरचा_मंदार
पूर्ण ३४,००० माग, वर मनस्तापाचे ५०,०००. माझ्या टीव्हीच्या वेळी मी वकिलाची नोटीसच दिली होती. चार हजारांत काम होतं.

सुमतीताई_छावणी
वैदेही, फायबरचा तंबोरा घे गं. माझा सात वर्षं प्रवास करतोय, एक ओरखडा नाही.

वैदेही
ताई, हा गुरुजींनी स्वतः मिरजेत बसून निवडलाय. मला हाच दुरुस्त करायचाय.

प्रकाश_लष्कर
कितीही लिही, ५,००० च्या वर देत नाहीत. पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं. माझी काचेची भांडी फुटली तेव्हा हेच ऐकवलं.

अण्णा_ट्रान्सपोर्टवाले
बावीस वर्षं बुकिंग ऑफिसात काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

प्रकाशराव, तसं छापलेलं असतं हे खरं. पण माल रस्त्याने आला असेल तर २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा लागतो आणि त्यात कुरिअरही येतात. जोखमीचा जादा आकार भरलेला नसेल तर नियमाप्रमाणे मर्यादा भाड्याच्या दहा पट, आणि तीही जाहीर किमतीच्या वर नाही. वैदेही, भाडं किती होतं आणि बुकिंगच्या कागदावर किंमत किती लिहिली आहे?

वैदेही
भाडं २,६०० आणि किंमत ३४,०००. जोखमीचा आकार भरलेला नाही.

अण्णा_ट्रान्सपोर्टवाले
म्हणजे मर्यादा २६,०००. पूर्ण ३४,००० मागितलेस तर ते आधी मर्यादेवर बोट ठेवतील, मग वस्तू दुरुस्त होते म्हणतील. मिरजेच्या कारागिराकडून दुरुस्तीचा लेखी अंदाज घे. जो रुपया मागशील त्यामागे एक कागद हवा.

दुसरी गोष्ट इथे कोणीच विचारली नाही. बुकिंग कोणाच्या नावाने आहे? दुकानाच्या नावाने असेल तर कंपनी म्हणेल, क्लेम पाठवणाऱ्यानेच करावा. दुकानदाराकडून शिक्क्यासह पत्र घे की क्लेमची रक्कम तुला द्यायला त्यांची हरकत नाही. या एका पत्रावाचून महिनोन्महिने अडकलेली प्रकरणं मी पाहिली आहेत.

खोका, भुसा, थर्माकोल काही टाकू नकोस. त्यांचा माणूस पाहायला आला आणि पॅकिंग दिसलं नाही तर "पॅकिंगच कच्चं होतं" एवढंच लिहून जातो.

बाड्यावरचा_मंदार
अण्णा, पण घाई कशाला? ग्राहक आयोगात दोन वर्षं असतात.

अण्णा_ट्रान्सपोर्टवाले
तक्रारीला दोन वर्षं, बरोबर. पण त्याआधी वाहतूकदाराला लेखी सूचना बुकिंगपासून १८० दिवसांत गेलेली असावी लागते. ही मुदत २ एप्रिलला संपते. फोन म्हणजे लेखी सूचना नव्हे. मेल कर आणि त्याचीच प्रत स्पीड पोस्टानेही पाठव.

सुमतीताई_छावणी
मीही तेच सांगणार होते, खोका टाकू नकोस.

वैदेही
कारागिरांचा अंदाज आला, ९,५००. दुकानाचं पत्रही मिळालं. मसुदा असा केलाय, इंग्रजी करून पाठवते:

"विषय: वाहतुकीत नुकसान, भरपाईची लेखी मागणी, पावती क्र. …
४ ऑक्टोबरला मिरजेहून बुक झालेला तंबोरा ११ ऑक्टोबरला फुटलेल्या अवस्थेत मिळाला. पोचपावतीवर तसा शेरा आहे.
दुरुस्ती ९,५०० रु. (कारागिराचा अंदाज)
मिरजेला नेण्यासाठी पॅकिंग १,५०० रु. (दुकानाचं दरपत्रक)
मिरजेपर्यंतचं भाडं २,६०० रु. (मूळ पावतीचा दर)
एकूण १३,६०० रु.
सोबत: बुकिंग पावती, शेरा असलेली पोचपावती, खरेदीचं बिल, खोक्याचे व भोपळ्याचे फोटो, व्हिडिओची लिंक, दुरुस्तीचा अंदाज, दरपत्रक, दुकानाचं संमतीपत्र, रद्द केलेला चेक, ओळखपत्र.
वस्तू व पॅकिंग पाहणीसाठी ठेवलं आहे. ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं."

अण्णा_ट्रान्सपोर्टवाले
चांगला झालाय. पॅकिंग आणि भाडं मात्र काढ. तो पुढचा खर्च, सहसा मान्य होत नाही. नुसते ९,५०० मागितलेस तर लवकर सुटेल.

प्रकाश_लष्कर
अण्णांचं ऐक. माझं दीड वर्ष गेलं.

वैदेही
अण्णा, तुमचं बाकी सगळं घेतलं, पण ते ४,१०० ठेवतेय. भोपळ्याचं काम करणारा कारागीर इथे मला सापडला नाही, मिरजेला न्यावाच लागेल, आणि हे कारण मेलमध्ये एका ओळीत घातलंय. परत येताना मी स्वतः रेल्वेने आणीन, तो खर्च मागत नाही. मेल आत्ता गेला, स्पीड पोस्ट उद्या सकाळी.